खुर्ची कोणी विकली?

गेल्या दिवाळी अंकात माझा ‘खुर्ची’ नावाचा लेख छापून आला. गिरगावातल्या चाळीत, गॅलरीच्या टोकाला बाबांची आरामखुर्ची असायची. लांब हातांची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची. तिच्यावरचा लेख. न्यू जर्सीतल्या बहिणीने तो वाचला, रडली, आणि म्हणाली, “दादा, पोरीला मराठी वाचता येत नाही रे. इंग्रजीत करून दे ना. तुझाच तर लेख, तुला काय जड?”

मलाही काही जड वाटलं नाही. एकतीस वर्षं बँकेत इंग्रजी पत्रं लिहिलेला माणूस मी. शनिवारी दुपारी जेवून मुलुंडच्या बाल्कनीत बसलो, चार वाजताच्या चहापर्यंत उरकेल असा हिशोब होता. तीन शनिवार गेले.

पहिल्याच ओळीने अडवलं. “बाबा गेले. वर्षभरात खुर्चीही गेली.” या ओळीवर मी, खरं सांगायचं तर, फार खूश होतो. ‘वेंट’ लिहिलं तर भाची विचारणार, कुठे गेले? ‘पास्ड अवे’ लिहिलं तर खुर्चीचंही तेरावं घालावं लागणार. शेवटी दोघांनाही ‘गॉन’ केलं. अर्थ आला, पण मराठीत बाबा ‘गेले’ होते आणि खुर्ची ‘गेली’ होती. आमच्या घरात बाबांना अहो आणि आईला अगं. त्यामुळे आई गेली तेव्हा तीही खुर्चीसारखी एकवचनीच ‘गेली’. ही सगळी उतरंड एका मात्रेत मावली होती. इंग्रजीत तिघंही एका रांगेत उभे राहिले.

पुढे आजोबा आले. “ही खुर्ची म्हणे आजोबांनी रंगूनहून आणली.” या ‘म्हणे’त आमच्या घराण्याचा सगळा इतिहास आहे. आजोबा रंगूनला गेले होते की नाही, हे कोणालाच धड ठाऊक नाही, पण कोणी खोदूनही विचारत नाही. ‘इट इज सेड’ लिहिलं तर पोथी सुरू झाल्यासारखं वाटतं. ‘अलेजेडली’ लिहिलं तर आजोबा थेट पोलीस कोठडीत. मी ‘द फॅमिली स्टोरी इज’ असं लिहून सुटका करून घेतली. पण म्हणे उच्चारताना आईची भुवई जरा वर जायची, ती गेलीच.

मग रागाची ओळ. “मला कधी कधी बाबांचा राग यायचा.” मराठीत राग येतो. झोप येते, आठवण येते, कंटाळा येतो, तसा तोही दारातून आत येतो. मी आपला घरात बसलेला. आता पाहुणा आलाच तर यजमानाचा काय दोष? इंग्रजीत मात्र ‘आय वॉज अँग्री’. म्हणजे मीच संतापी. लेखात अशा आठ-दहा ओळी होत्या. त्या एकापाठोपाठ एक इंग्रजीत गेल्यावर, मराठीत गॅलरीच्या कठड्याला टेकून हळवेपणाने बघणारा मुलगा ‘आय, आय’ करत बापावर खटला भरणारा वकील झाला.

सगळंच वाईट झालं असं नाही. ‘पोटात कालवलं’ याचं शब्दशः केलं तेव्हा लेखकाने स्टेशनबाहेरचा शिळा वडापाव खाल्ला असावा, असं वाटायला लागलं. ‘काळाच्या पडद्याआड’ तर पडद्यासकट काढून टाकलं. अशी पाच-सहा वाक्यं उडवली आणि गंमत म्हणजे लेखाला भोक कुठेच पडलं नाही. मराठीत ती कानाला इतकी सवयीची होती, की त्यांच्यात काही नाही हे मला लिहिताना कळलंच नव्हतं. रवींद्रनाथांनीही ‘गीतांजली’ स्वतः इंग्रजीत नेताना यमक आणि छंद सोडून सरळ गद्य केलं, 1912 साली. पुढच्याच वर्षी नोबेल. त्यामुळे काटछाटीबाबत माझं मन अगदी स्वच्छ होतं.

तिसऱ्या शनिवारी मसुदा वरच्या मजल्यावरच्या मॅडमना दाखवला. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण लाल पेन अजून सेवेत आहे. त्यांनी बरंच सोडून दिलं, आणि एका वाक्याशी अडल्या. मूळ मराठी असं: “जागा सोडताना बरंच सामान काढलं. खुर्चीही विकून टाकली.” मी केलं होतं, ‘द चेअर वॉज सोल्ड ऑफ.’ समासात लाल अक्षरांत प्रश्न होता: ‘बाय हूम?’

“मॅडम, मराठीत तसं सांगावं लागत नाही,” मी म्हटलं.

“म्हणूनच विचारतेय. मराठीत कोणी विकली?”

मी मराठी लेख पुन्हा उघडला. कर्ता कुठेच नव्हता. ‘काढलं’ सामानाच्या मागे गेलेलं, ‘विकून टाकली’ खुर्चीच्या मागे. आणि समजा लिहिलं असतं, ‘मी खुर्ची विकली’, तरी फार बिघडलं नसतं. मी पंखा विकला, मी कपाट विकलं, मी खुर्ची विकली. क्रियापद दर वेळी विकल्या वस्तूचं लिंग घेतं, माझं घेतच नाही. माझ्या जागी बहीण असती तरी ‘विकली’च. गुन्हा माझा, सही खुर्चीची. त्यात वर ते ‘टाकली’. ‘विकली’ म्हणजे व्यवहार. ‘विकून टाकली’ म्हणजे करावं लागलं बाबा, इलाज नव्हता. हे सगळं मी ठरवून केलं होतं, असं मुळीच नाही. पण झालं होतं सोयीचं.

कारण खुर्ची नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, हे बहिणीला फोनवर सांगितलं होतं. जिना होता, हे नव्हतं सांगितलं. तिचा समज होता, खुर्ची मोडली आणि भंगारात गेली. मी ती चोरबाजारात टॅक्सीच्या टपावर बांधून नेली होती. दुकानदाराने हात दाबून पाहिले, कापड बाजूला सारून चौकट पाहिली, “सागवान है” असं स्वतःशीच पुटपुटला आणि मग माझ्याकडे बघून चेहरा पाडला. घासाघीस पाऊण तास चालली. ती मी जिंकलो, असं मला त्या दिवशी वाटत होतं. मराठी लेखात हा पाऊण तास नाही.

मॅडम पेनचं टोपण लावून वाट बघत होत्या. मी ‘आय सोल्ड इट’ लिहिलं. तीन शब्द. त्यांनी बाजूला बरोबरची खूण केली.

लेख रविवारी रात्री पाठवला. सोमवारी पहाटे साडेपाचला फोन. तिकडे संध्याकाळ.

“दादा, पोरीने मोठ्याने वाचून दाखवला. अरे, खुर्ची तू विकलीस?”

इतके दिवस मराठीत कर्त्याला लपायला जागा आहे, असं मी धरून चाललो होतो. ‘विकली’च्या शेपटाला तो एवढासा ‘स’ लागतो, आणि तो नेमका समोरच्याच्या छातीवर बोट ठेवतो, हे विसरलो होतो.

“अगं, लिफ्टमध्ये…”

“लिफ्टचं राहू दे. किती आले?”

“आले थोडेफार,” मी म्हटलं.