कॅल्क्युलेटर आणि शीट यांच्यातल्या ३ पैशांबद्दल

ग्राहकाचा अभिप्राय (२ स्टार): "सोसायटीच्या कामासाठी खिळे, नट-बोल्ट घेतले. दुकानाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या यादीत बेरीज १२६२.२८ आहे. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केली, १२६२.३१ येते. ऑडिटला हा कागद कसा लावू? ज्यांची बेरीज जुळत नाही त्यांच्या वजनावर विश्वास ठेवायचा का?"

दुकानमालकाचं उत्तर:

नमस्कार साहेब. सोसायटीच्या पैशाचा हिशेब पैशापर्यंत तपासणारा खजिनदार मला मनापासून आवडतो, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची बेरीज बरोबर आहे. शीटचीही बरोबर आहे. दोघांनी बेरजेला घेतलेले आकडे मात्र वेगवेगळे आहेत.

ती यादी एक्सेलमध्ये केलेली आहे. वजन गुणिले दर, आणि रकमेच्या रकान्याला दोन दशांश स्थळांचं फॉरमॅट. फॉरमॅट फक्त दाखवण्यापुरतं असतं, आतला आकडा आहे तसाच राहतो. तुमच्या सहा ओळींत आत काय आहे आणि कागदावर काय दिसतं, ते असं:

दीड इंची खिळे, १.२३५ किलो, दर ९१: आत ११२.३८५, दिसतात ११२.३९
अडीच इंची खिळे, २.११५ किलो, दर ८७: आत १८४.००५, दिसतात १८४.०१
नट-बोल्ट, ३.१४५ किलो, दर १३३: आत ४१८.२८५, दिसतात ४१८.२९
वॉशर, ०.६५५ किलो, दर १२७: आत ८३.१८५, दिसतात ८३.१९
बाइंडिंग तार, ४.३६५ किलो, दर ८३: आत ३६२.२९५, दिसतात ३६२.३०
स्क्रू, ०.४७५ किलो, दर २१५: आत १०२.१२५, दिसतात १०२.१३

तुम्ही दिसणारे आकडे कॅल्क्युलेटरवर मारले, ते १२६२.३१ होतात. SUM आतले आकडे मिळवतं, ते बरोबर १२६२.२८० होतात. प्रत्येक ओळीत अर्धा पैसा वर ओढला गेला, सहा ओळींचे तीन पैसे झाले. खात्री करायची असेल तर नुसतं त्या खान्यावर बोट ठेवून भागणार नाही, कारण वरच्या पट्टीत आकडा न दिसता =B2*C2 हे सूत्र दिसतं. रकमेचा रकाना निवडून दशांश वाढवायचं बटण एकदा दाबा, तिसरं स्थळ लगेच समोर येईल.

आता कुणीही विचारेल की दोन दशांश स्थळांपर्यंत राउंडिंग करताना काही आकडे वर जातात, काही खाली, मग फरक आपोआप मिटायला हवा. एरवी बराचसा मिटतोही. इथे मिटला नाही याचं कारण आमचा काटा. तो ५ ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो. वजनाच्या शेवटी ५ ग्रॅम आले आणि दर विषम रुपयांत असला, की गुणाकाराच्या शेवटी नेमका अर्धा पैसा उरतो, आणि अर्धा पैसा दाखवताना नेहमी वरच जातो. तुमच्या सहाही ओळी अशाच निघाल्या. तेच दीड इंची खिळे १.२३० किलो भरले असते तर १११.९३ झाले असते, मागे काहीच लपलं नसतं. म्हणूनच एखाद्या यादीत बेरीज तंतोतंत जुळते आणि दुसऱ्या यादीत नाही.

तुम्ही ऑडिटचं म्हणालात, तर तिथे कामाला येईल अशी एक गोष्ट सांगतो. लपलेल्या दशांशामुळे एका ओळीत जास्तीत जास्त अर्ध्या पैशाचा फरक पडू शकतो. सहा ओळींना कमाल मर्यादा ३ पैसे, चाळीस ओळींना २० पैसे. फरक या मर्यादेत असेल तर कारण बहुतेक हेच. सहा ओळींत १० पैसे किंवा दोन रुपये फरक दिसला, तर मात्र राउंडिंगचं नाव कुणी सांगितलं तरी ऐकू नका. तिथे शेवटची ओळ SUM च्या कक्षेबाहेर राहिलेली असते, मधली एखादी ओळ लपवलेली असते, नाहीतर एखादा आकडा मजकूर म्हणून टाइप झालेला असतो आणि SUM त्याला धरतच नाही. अशा फरकाचा जाब दुकानदाराला जरूर विचारावा.

तीन पैशांना आज कोण विचारतो असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्याच यादीत त्यांचा पुढे रुपया झालाय. १२६२.२८ वर ९ टक्के सीजीएसटी ११३.६०५२ आणि तेवढाच एसजीएसटी. शीटने हे सगळं न कापता मिळवलं, १४८९.४९०४ आले आणि रुपयात १४८९ झाले. कागदावर दिसणारे १२६२.२८, ११३.६१ आणि ११३.६१ मिळवले तर १४८९.५० होतात, म्हणजे रुपयात १४९०. ओळीपासूनच पैशात बांधून आणलं तर १४८९.५३, म्हणजे परत १४९०.

माझं मत विचाराल तर ग्राहकाच्या हातात जाणाऱ्या कागदावर प्रत्येक ओळ आधी पैशात पक्की व्हावी आणि मग बेरीज व्हावी. अर्धा पैसा कुणी देत नाही आणि कुणी घेत नाही. शिवाय ग्राहकाकडे फक्त दिसणारे आकडे असतात, त्यावरून त्याला आमचा हिशेब तपासता आलाच पाहिजे. त्यामुळे यादीच्या शीटमध्ये आता रकमेचं सूत्र असं आहे:

```
=ROUND(B2*C2,2)
```

सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या खान्यांनाही हेच केलंय. फक्त खालच्या बेरजेला ROUND लावून उपयोग नसतो, कारण १२६२.२८० चे १२६२.२८ च राहतात आणि वरच्या ओळींशी जुळत नाहीत ते नाहीतच. एक्सेलच्या सेटिंगमध्ये "Set precision as displayed" नावाचा पर्याय आहे, तो एका टिचकीत हे सगळं करतो असं बरेच जण सुचवतात. तुमच्या सोसायटीच्या शीटवर तो कृपा करून लावू नका. तो अख्ख्या फाइलला लागू होतो आणि हाताने भरलेले आकडेही कायमचे कापतो. वजनाचा रकाना दोन स्थळांवर असेल तर १.२३५ चं १.२४ होऊन बसेल, आणि पर्याय काढून टाकला तरी ते ५ ग्रॅम परत येणार नाहीत.

वजनाबद्दल तुम्ही शंका घेतलीत, तो तुमचा हक्कच आहे. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे आणि पडताळणीचं प्रमाणपत्र काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावलेलं आहे. माल पिशव्यांत अजून बांधलेला असेल तर घेऊन या, सहाही जिन्नस तुमच्यासमोर पुन्हा तोलू.

नवीन शीट तुमच्या नंबरवर पाठवली आहे, त्यात बेरीज १२६२.३१ आहे आणि ती कॅल्क्युलेटरवर जुळेल. पैसे मात्र १४८९ च द्यायचे. आधी तुम्हाला तोच आकडा कळवला होता, त्यामुळे वरचे ५३ पैसे बिलात राउंड ऑफच्या ओळीत वजा दाखवले आहेत. ऑडिटला बिल आणि नवी यादी जोडा, जुनी यादी लावायची गरज नाही.