‘मिश’ लावलं की खोटं बोलता येत नाही?

‘तुर्की भाषेत प्रत्येक क्रियापदाला प्रत्यय लावून सांगावंच लागतं, की घटना स्वतः पाहिली की नुसती ऐकली. त्यामुळे तिथं खोटं लगेच पकडलं जातं आणि अफवा पसरत नाहीत. आपल्या भाषांत अशी सोयच नाही, म्हणून सोलापुरात रोज पाण्याच्या अफवा!’

असा एक दावा केला जातो. त्यातल्या ‘पाहिली की ऐकली’ या वाटणीकडे आधी बघू. तुर्कीत ‘तो आला’ दोन तऱ्हांनी सांगतात: ‘गेल्दी’ आणि ‘गेल्मिश’. यातला ‘मिश’ ऐकीव गोष्टीला लागतो हे खरं, पण तेवढ्यावर तो थांबत नाही. अहमदला कुणी पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलेलंही नाही, पण त्याचा कोट खुंटीवर दिसतोय. तरी ‘अहमद गेल्मिश’च म्हणतात. म्हणजे खुणेवरून काढलेला तर्कही त्यातच बसतो. शिवाय एखादी गोष्ट डोळ्यांसमोर घडत असताना आश्चर्य वाटलं, तरी ‘मिश’ येतो. पाहुण्याच्या मुलीचं पियानोवादन समोर बसून ऐकताना ‘किती छान वाजवते की ही!’ म्हणायचं असेल, तर तुर्की माणूस ‘मिश’च लावेल. ‘मिश’चा खरा अर्थ ‘हे मला आधीपासून ठाऊक नव्हतं, मागून कळलं’ याच्या जवळपास आहे.

‘दी’चीही तीच गत. ‘मी 1990 मध्ये जन्मलो’ हे तुर्कीत सरळ ‘दोदुम’ म्हणून, ‘दी’च्याच रूपात सांगतात. स्वतःचा जन्म कुणी पाहिलेला नसतो. 1453 मध्ये इस्तंबूल जिंकलं गेलं, हेही ‘दी’नेच सांगतात. बातमीदार न पाहिलेल्या अपघाताची बातमी ‘दी’नेच लिहितो, तिथं ‘मिश’ लावला तर बातमीला कट्ट्यावरच्या गप्पांचा वास येतो. ‘दी’ म्हणजे डोळ्यांची साक्ष नव्हे. ज्याची जबाबदारी बोलणारा बिनदिक्कत घेतो, ते ‘दी’त जातं.

‘प्रत्येक क्रियापदाला’ हेही चूक आहे. ‘दी’ की ‘मिश’ ही सक्तीची निवड फक्त साध्या भूतकाळात करावी लागते. वर्तमान आणि भविष्यकाळात ‘मिश’ वरून जोडता येतो, पण जोडलाच पाहिजे असं नाही. शिवाय ‘मिश’ दिसला की तो ऐकीवच, असंही नाही: ‘फुटलेला पेला’ यातल्या ‘फुटलेला’ला तुर्कीत हेच ‘मिश’चं रूप असतं, आणि तिथं पाहिलं-ऐकल्याचा प्रश्नच नसतो.

सक्ती बघायचीच असेल तर तुर्की सोडून अमेझॉनच्या खोऱ्यात, कोलंबिया-ब्राझीलच्या सीमेवरच्या तुयुका भाषेत जावं लागेल. ‘तो फुटबॉल खेळला’ हे तिथं पाच तऱ्हांनी सांगतात. खेळताना पाहिलं असेल तर ‘अपेवि’. पाहिलं नाही, पण खेळाचा आवाज कानांवर आला, तर ‘अपेति’. मैदानातल्या खुणांवरून ताडलं असेल, कुणी सांगितलं असेल किंवा त्याचा स्वभाव ठाऊक असल्याने नुसतं गृहीत धरलं असेल, तर आणखी तीन वेगवेगळे शेवट. यात ‘आवाज ऐकला’ आणि ‘कुणाकडून ऐकलं’ हे दोन वेगळे खाने आहेत हे लक्षात घ्या. मूळ दाव्यात दोन्ही ‘ऐकली’त कोंबलेत.

खोटं पकडण्याबद्दल तर उलटंच आहे. साध्या वाक्यात खोटेपणाला एकच जागा असते: घटना. प्रत्यय सक्तीचा असला की दोन होतात. घटना खोटी आणि प्रत्यय तिला शोभेसा, हा एक प्रकार. घटना खरी, पण ऐकीव असून ‘पाहिलं’वाला प्रत्यय लावलेला, हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारात खोटं उघडं पडतं, पण कधी? बोलणारा त्या वेळी तिथं नव्हता हे ऐकणाऱ्याला माहीत असेल तेव्हाच. व्याकरण आपण होऊन कुणालाही पकडत नाही.

आता आपलं पाणी. सोलापुरात काही दिवसांआड पाणी सोडतात, त्यामुळे ‘उद्या पाणी येणार नाही’ हे वाक्य इथं पिण्याच्या पाण्यापेक्षा जास्त वेळा येतं. ऐकीव असेल तर मराठी माणूस म्हणतो, ‘उद्या पाणी येणार नाही म्हणे.’ पूर्वभागातल्या तेलुगू घरात हेच ‘रेपु नीळ्ळु रावट’ होतं आणि शेवटचा ‘अट’ ऐकीवपणा सांगतो. कन्नडमध्ये ‘नाळे नीरु बरोदिल्लवंते’. तिथं ते काम ‘अंते’ करतं. तुर्कीत ‘यारिन सू गेल्मेयेजेकमिश’: भविष्यकाळाच्या रूपावर तोच ‘मिश’. मग आपल्या भाषांत सोय नाही कशी? सक्ती नाही, हे मात्र खरं.

‘म्हणे’ म्हणजे ‘म्हणणे’ या क्रियापदाचंच रूप, त्यात विशेष काय, अशी शंका येईल. दोन ठिकाणी दाबून बघा. ‘सासूबाई म्हणाल्या, तो आला’ यात बोलणारी व्यक्ती बदलली की ‘म्हणाल्या’चं ‘म्हणाला’ होतं. ‘म्हणे’ मात्र कशानेही हलत नाही. आणि ‘सासूबाई म्हणाल्या, तो आला’ यावर ‘खोटं, त्या असं म्हणाल्याच नाहीत’ असं उत्तर देता येतं. ‘तो आला म्हणे’ यावर ‘खोटं’ म्हटलं, तर त्याचा अर्थ एकच: तो आलेला नाही. म्हणण्याची क्रिया वाक्यातून निघून गेली आहे. उरली आहे ती फक्त माहिती कुठून आली याची खूण. ‘मी लहानपणी म्हणे फार रडायचो’ हे वाक्य तुर्कीतही जसंच्या तसं ‘मिश’ लावून म्हणतात, कारण स्वतःबद्दलची ही माहितीही दुसऱ्याकडूनच आलेली असते. टोमणाही दोन्हीकडे जमतो: ‘म्हणे, फार अभ्यास करतो!’

मग अफवा का पसरते? पाणी सोडणाऱ्याने एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला ‘म्हणे’ लावून सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला पुन्हा ‘म्हणे’ लावून. पाचव्या तोंडचं ‘म्हणे’ आणि पहिल्या तोंडचं ‘म्हणे’ दिसायला एकच. मधे किती माणसं गेली ते ही खूण मोजत नाही. ‘मिश’ही मोजत नाही, ‘अट’ आणि ‘अंते’ही नाही. पुढं कुणीतरी घाईत ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढंच लिहून पाठवतो आणि ‘म्हणे’ गळतं. तुर्कीतही नुसतं ‘गेल्मेयेजेक’ लिहिता येतं. वाक्य व्याकरणात चोख बसतं.

उलट ऐकीवपणाची खूण अफवेला आडोसाच देते. कुणी काही सांगितलेलं नसताना ‘पाणी येणार नाही म्हणे’ सोडून दिलं आणि नंतर नळ धो धो वाहिला, तर ‘मी थोडंच म्हटलं, लोक म्हणत होते’ असं सांगून हात झटकता येतात. ‘मिश’ लावणाऱ्यालाही हीच पळवाट खुली असते. म्हणून असा निरोप आला की ‘म्हणे’ आहे की नाही हे तपासण्यापेक्षा ‘कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कोणत्या टाकीचं पाणी?’ एवढं विचारावं. ही तिन्ही उत्तरं ‘म्हणे’त मिळत नाहीत, ‘मिश’मध्येही नाहीत.