10 लाख भरा 22 लाख घ्या, म्हणे 12 टक्के रिटर्न!

बारा टक्के म्हणे, तेही टॅक्स फ्री! मेहुण्याला विमा एजंटने पॉलिसी विकताना हा आकडा सांगितला तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, कारण किती भरायचे आणि अंदाजे किती मिळतील ते दाखवणारा इलस्ट्रेशनचा कागद समोर आहे आणि त्यात 12 कुठेच नाहीये. हप्ता वर्षाला 1 लाख, 10 वर्षं भरायचा, पैसे मिळणार 20 वर्षं संपल्यावर, 22 लाख. बस. आता हे 12 आले कुठून? तर 10 लाख भरले, 22 मिळाले, फायदा 12 लाख म्हणजे 120 टक्के, त्याला भागिले 10 वर्षं, झाले बारा. अरे पण पैसे 20 वर्षं अडकलेत ना! 10 ने भागायचा काय संबंध? आणि 20 ने भागलं तरी येतात ते 6 टक्के सरळव्याजाचे, FD चा दर काय सरळव्याजाने लावता का तुम्ही? चक्रवाढ तेवढी दुसऱ्यांची मोजायची आणि आपल्या पॉलिसीला नुसता भागाकार, वा रे वा.

आणि ते 22 लाख पण नक्की नाहीत! कागदावर दोन रकाने आहेत, एक 4 टक्क्यांचा आणि एक 8 टक्क्यांचा. 22 लाख 8 च्या रकान्यात, 4 च्या रकान्यात 14 लाख. एजंटने बोट फक्त उजवीकडच्यावर ठेवलं. शिवाय तो 8 टक्के म्हणजे कंपनीचा फंड किती कमवेल याचा धरून चाललेला आकडा, त्यातून कमिशन, खर्च, विम्याचा भाग वजा होऊन मग आपल्या हातात उरतं ते वेगळंच. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे दर गॅरंटीड नाहीत आणि कमीतकमी किंवा जास्तीतजास्तही नाहीत. ती ओळ कोण वाचून दाखवतं? कोणी नाही.

खरा रिटर्न काढायला पाच मिनिटं लागतात हो. एक्सेल उघडा, A1 पासून A10 पर्यंत -100000 टाका, A11 ते A20 मध्ये 0, A21 मध्ये 2200000, आणि खाली चक्रवाढीने वर्षाचा खरा दर काढणारं हे सूत्र

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर येतं 5.15 टक्के. बारा नाही, सव्वापाच पण नाही! आणि 22 च्या जागी 14 लाख टाका, 2.2 टक्के. महागाईने केव्हाच खाऊन टाकले ते पैसे.

यात एक गोष्ट मात्र नीट बघा, ते मधले शून्य टाईप करायलाच लागतात. रिकामे सेल ठेवले तर IRR ते मोजतच नाही, त्याला वाटतं दहावा हप्ता भरला आणि पुढच्याच वर्षी 22 लाख आले, आणि उत्तर येतं 14 टक्के! एकदम चकचकीत! तर कोणी तयार शीट दाखवून 14 म्हणालं तर आधी मधल्या दहा ओळींवर क्लिक करून बघा. आणि पॉलिसी 22 सप्टेंबर 2025 च्या आधीची असेल तर हप्त्यावर जीएसटी पण भरलाय, पहिल्या वर्षी 4.5 आणि पुढे 2.25 टक्के, तो धरला की रिटर्न आणखी खाली येतो.

मग लगेच ठरलेलं उत्तर, "अहो पण विमा पण आहे ना." आहे, 10 लाखाचा. बरं, त्याची किंमत वजा करून बघू, समजा तेवढ्याच कव्हरच्या टर्म प्लॅनला वर्षाला 3,000 लागले असते, वीसही वर्षं, ते काढून उरलेल्या पैशाचा हिशोब लावला तरी साडेपाचच्या वर जात नाही. आणि घरात दोन लहान मुलं असलेल्या माणसाला 10 लाख कव्हर म्हणजे नक्की काय पुरणार, त्याच्यावर तर कोणी तोंडच उघडत नाही, राग खरा त्याचाच येतो.

तेच 1 लाख 10 वर्षं PPF मध्ये टाकून 20 वर्षं ठेवले, आजचा 7.1 चा दर तसाच राहिला असं धरून (दर बदलू शकतो, मान्य आहे, आणि 15 वर्षांनंतर मुदत वाढवून घ्यावी लागते), तर साडेएकोणतीस लाख होतात. तेही टॅक्स फ्री. साडेसात लाखाचा फरक आहे हो, आणि तोही पॉलिसीचा चांगला रकाना धरून!

इलस्ट्रेशनवर एजंटचीही सही असते. मग जे तोंडाने बोलता ते 12 टक्के त्याच कागदावर पेनाने लिहून त्याखाली सही करून द्या ना, मी मेहुण्याला हेच विचारायला लावलं, तर साहेब म्हणाले तसं लिहून देता येत नाही. का बरं येत नाही? बोलता येतं ना! पॉलिसीचा कागद हातात येऊन 30 दिवस झाले नाहीयेत अजून, पॉलिसी परत करायचा फ्री लुकचा अर्ज उद्याच जातोय, स्टॅम्प ड्यूटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांचा विमा कापून काय कापायचं ते कापा, बाकी पैसे परत द्या.