अ ते ज्ञ लिहून मराठी फॉन्ट तयार होत नाही

“कागदावर अ ते ज्ञ लिहा, मोबाइलने फोटो काढा, साइटवर टाका. दहा मिनिटांत तुमच्या हस्ताक्षराचा मराठी फॉन्ट तयार! मग व्हॉट्सॲपवरही स्वतःच्याच अक्षरात लिहा.”

कोल्हापुरातल्या शिक्षकांच्या आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा निरोप फिरतोय, म्हणून सविस्तर लिहितो. इंग्रजीपुरतं हे बरंचसं चालून जातं, कारण तिथे अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की शब्द होतो. मराठीत काय होतं ते आपल्या गावाच्या नावावरच बघा.

‘कोल्हापूर’ टाइप केलं की संगणकाकडे नऊ खुणा जातात: क, ो, ल, ्, ह, ा, प, ू, र. अर्धा ल यात कुठेच नाही. ल आणि हलन्त एकत्र आले की अर्धा ल दाखवायचा, हे फॉन्टला माहीत असावं लागतं. कागदावर फक्त पूर्ण ल लिहिला असेल तर ‘कोल्‌हापूर’ असा पाय मोडलेला शब्द दिसतो. म्हणून अर्धा ल वेगळा लिहून स्कॅन करायचा आणि फॉन्टफोर्ज या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा नियम द्यायचा:

```
languagesystem DFLT dflt;
languagesystem dev2 dflt;
feature half {
  sub uni0932 uni094D by uni0932.half;
} half;
```

म, न, स, त अशा प्रत्येक अर्ध्या अक्षराची एकेक ओळ वाढते. द, ट, ड यांचं काम अर्ध्या अक्षरावर भागत नाही. ‘महाद्वार’मधला द्व अख्खाच लिहावा लागतो, तसेच द्य, द्ध, ट्ट, ड्ड. ‘राजर्षी’साठी रफार वेगळा हवा आणि ‘कऱ्हाड’साठी तो आडवा अर्धा र. मूळ मुळाक्षरांइतकंच किंवा त्याहून जास्त लेखन इथे होतं, आणि निरोपात याचा उल्लेखच नाही.

मात्रांचं दुखणं वेगळं. ‘कुस्ती’तला उकार आणि ‘कोल्हापूर’मधला ऊकार शेजारी ठेवून बघा. क चा दांडा मध्यावर असतो, प चा उजव्या टोकाला. मात्रेची जागा एकच ठरवून ठेवली, तर प खाली नीट बसलेली मात्रा क खाली दांडा सोडून उजवीकडे लोंबते. उपाय असा की प्रत्येक व्यंजनाला खाली आणि वर एकेक अँकर द्यायचा, म्हणजे मात्रेने कुठे चिकटायचं तो बिंदू, आणि मात्रेवर त्याचा जोडबिंदू ठेवायचा. खालच्या मात्रांसाठी हे फॉन्टच्या blwm नावाच्या नियमात जातं, वरच्यांसाठी abvm मध्ये. काम वेळखाऊ आहे, पण फॉन्ट मराठी वाटतो तो याच कामामुळे. ‘रु’ आणि ‘रू’ मात्र अख्खेच लिहून घ्या, कारण र ची मात्रा पोटात लागते.

शिरोरेषा तर कागदावर लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे. हाताने शब्द लिहिताना आपण बहुतेक वेळा रेघ शेवटी एका दमात ओढतो. सुट्या अक्षरांवर ओढलेल्या रेघा कधी वर जातात, कधी तिरक्या, आणि शब्दात त्यांची करवत दिसते. अक्षरं रेघेविना लिहा, खाली आखलेला कागद ठेवून उंची सारखी राखा आणि रेघ फॉन्टफोर्जमध्ये सगळ्यांना एकाच उंचीवर द्या. हजार युनिटांच्या चौकटीत ती अक्षराच्या दोन्ही कडांबाहेर दहाएक युनिट जाऊ द्या, म्हणजे जोडावर केसाएवढी फट राहत नाही. थ, ध, भ अशा अक्षरांच्या डोक्यावरची मोकळी जागा तेवढी सोडायची.

मोबाइलच्या फोटोत एका कडेला सावली येते. मग काळं-पांढरं करताना एकीकडे बारीक रेषा उडतात आणि दुसरीकडे ‘ळ’ची पोटं भरून जातात. काळं जेल पेन आणि ६०० डीपीआयचा साधा स्कॅनर वापरा.

फॉन्ट झाला की जाहिरातीतली वाक्यं टाइप करून तपासू नका. कोल्हापूर, कुस्ती, महाद्वार, राजर्षी, पन्हाळा, कऱ्हाड हे सहा शब्द टाइप करा. ‘राजर्षी’त रफार शेवटच्या वेलांटीवर न जाता ‘र्’ सुटा दिसला, तर rphf चा नियम राहिलाय. सगळेच नियम लागू होत नसतील, तर आधी लिपी देवनागरी आहे हे सांगणारी dev2 ची ओळ आहे का ते बघा.

आणि व्हॉट्सॲप. संदेशातून फक्त अक्षरांच्या खुणा जातात, फॉन्ट जात नाही. समोरच्याच्या फोनवर जो फॉन्ट असेल त्यातच तो संदेश दिसतो. स्वतःच्या अक्षरातलं पत्र पाठवायचं असेल तर पीडीएफ करा. त्यात फॉन्ट सोबत बांधून जातो. नाहीतर पत्राचं चित्र पाठवा.