गँग काढून व्हॅरॅक्टर लावायचाय? आधी हा हिशोब बघा

"रेडिओचा गँग कंडेन्सर काढा, त्याजागी कुठलाही डायोड उलटा लावा, 1N4007 पण चालतो. व्होल्टेज दुप्पट केलं की कपॅसिटन्स निम्मं होतं, त्यामुळे 9 व्होल्टच्या बॅटरीवर एक पॉट लावला की पूर्ण मीडियम वेव्ह फिरते."

गँग म्हणजे स्टेशन लावायचा फिरवता कंडेन्सर, आणि व्हॅरॅक्टर म्हणजे व्होल्टेजने ज्याचं कपॅसिटन्स बदलतं तो डायोड. वरच्या सल्ल्यातल्या 'व्होल्टेज दुप्पट, कपॅसिटन्स निम्मं' या भागापासून सुरू करतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच होतो. रिव्हर्स व्होल्टेज वाढवलं की जंक्शनवरचा रिकामा पट्टा, म्हणजे डिप्लीशन लेयर, रुंद होतो आणि कंडेन्सरच्या प्लेटा एकमेकींपासून लांब नेल्यावर होतं तसंच कपॅसिटन्स कमी होतं. इथपर्यंत बरोबर आहे. पण हा पट्टा व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात रुंद होत नाही, हिशोब असा आहे:

```
C = C0 / (1 + V/0.7)^n
```

C0 म्हणजे शून्य व्होल्टचं कपॅसिटन्स, V म्हणजे रिव्हर्स व्होल्टेज, आणि साध्या जंक्शनच्या डायोडला n साधारण 0.5 धरा. 4 वरून 8 व्होल्टवर गेलात तर 8.7 भागिले 4.7, त्याचं वर्गमूळ 1.36, म्हणजे कपॅसिटन्स निम्मं नाही, 73 टक्क्यांवर येतं. आणि फ्रिक्वेन्सी परत या 1.36 च्या वर्गमुळानेच वाढते, म्हणजे जेमतेम 17 टक्के.

आता पूर्ण बँड. आपली मीडियम वेव्ह 531 ते 1602 किलोहर्ट्झ, म्हणजे फ्रिक्वेन्सी तिप्पट व्हायला हवी आणि त्यासाठी कपॅसिटन्स 9 पट बदलायला हवं. साधा डायोड 1 व्होल्टपासून 9 व्होल्टपर्यंत नेला तर ते बदलतं 2.4 पट. 531 पासून निघालात तर 820 च्या आसपास थांबाल, पुण्याचं 792 लागेल पण मुंबईचं 1044 लागणारच नाही. 30 व्होल्ट दिले तरी 1095 पर्यंतच जाता येतं, आणि हे सुद्धा कॉइल आणि वायरिंगचं भटकं कपॅसिटन्स शून्य धरून, जे कधीच शून्य नसतं.

1N4007 चं म्हणाल तर तो अगदीच निरुपयोगी नाहीये हे मान्य करतो. क्रिस्टल ऑसिलेटर किंचित सरकवायला बरेच हॅम लोक तो वापरतात आणि तिथे तो छान चालतो. पण त्याचं कपॅसिटन्स दहा-वीस पिकोफॅरडमधलं आणि जुना गँग कित्येकशे पिकोफॅरडचा, तर तीच कॉइल ठेवून तो कसा पुरणार? शिवाय तो रेक्टिफायर म्हणून बनतो, कपॅसिटन्स सारखं ठेवून कोणी बनवत नाही, म्हणून एकाच पाकिटातले दोन नग पण जुळतील याची खात्री नसते.

या कामाला हायपरअब्रप्ट व्हॅरॅक्टर लागतो. त्यात जंक्शनजवळचं डोपिंग मुद्दाम असं ठेवतात की व्होल्टेज वाढताना कपॅसिटन्स जास्त वेगाने पडतं. 1SV149 बघा, 1 व्होल्टला साधारण 480 आणि 8 व्होल्टला साधारण 25 पिकोफॅरड. भटकं कपॅसिटन्स 20 धरलं तरी 500 ते 45, म्हणजे 11 पट, आणि 180 मायक्रोहेन्रीच्या कॉइलवर 531 पासून 1700 च्याही वर जाता येतं.

पण मग बॅटरी-पॉटवाला सल्ला जास्तच महागात पडतो, कारण 7 व्होल्टमध्ये हजारावर किलोहर्ट्झ बसवलेत. सरासरी धरली तर व्होल्टला 150 ते 170 किलोहर्ट्झ, म्हणजे दोन स्टेशनांमधलं 9 किलोहर्ट्झचं अंतर 60 मिलिव्होल्टमध्येच संपतं. पॉटवर 4 व्होल्ट असताना बॅटरी 5 टक्के उतरली की 0.2 व्होल्ट गेले आणि तुम्ही तीन चॅनल खाली. माझ्या पहिल्या सेटमध्ये आवाज मोठा केला की स्टेशन डुलायचं, मी दोन दिवस कॉइलवर संशय घेत बसलो आणि शेवटी कळलं की ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर करंट ओढायचा तेव्हा बॅटरीचं व्होल्टेज दबत होतं. आवाज पूर्ण कमी केल्यावर डुलणं थांबलं तर दोष ट्यूनिंग व्होल्टेजचा आहे, कॉइलला हात लावू नका. 12 व्होल्टच्या सप्लायवरून वेगळा 9 व्होल्टचा रेग्युलेटर काढा, पॉट त्यावर लावा, आणि पॉटच्या मधल्या टोकाला एक चांगला कपॅसिटर जमिनीला द्या.

आणि पॉट शून्यापर्यंत जाऊ देऊ नका, खाली एक रेझिस्टर टाकून 1 व्होल्टला अडवा. डायोडवरचं रिव्हर्स व्होल्टेज फार कमी असेल तर सर्किटमधला आरएफ सिग्नल त्याच्या एका अर्ध्यात डायोडला फॉरवर्ड करतो, तो कंडक्ट करायला लागतो आणि क्यू, म्हणजे एकच स्टेशन नेमकं निवडायची सर्किटची ताकद, कोसळतो. बँडच्या खालच्या टोकाला स्टेशनं एकदम पसरट आणि मंद लागायला लागली की समजा हेच होतंय. मोजायचं असेल तर मीटर पॉटच्या मधल्या टोकाला लावा, डायोडवर नको, कारण पॉट आणि डायोडच्या मधे 100 किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि मीटरची वायर लागताच ट्यूनिंगच सरकतं.