आजोबांच्या नावाची घरपट्टी

घरपट्टीची पावती हातात आली की लोक समजतात, घर नावावर झालं. अहो, नाही झालं! नगरपरिषदेचं कर आकारणी रजिस्टर फक्त कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगतं. मालकी बघायची तर नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक काढा. दोन्हीकडे वारस नोंद वेगवेगळी करावी लागते, आणि लोक एकच करून मोकळे होतात.

त्यात वॉर्ड बदलतात. फेरआकारणीत मालमत्ता क्रमांकही बदलतो, आणि जुनी पावती घेऊन गेलात की ‘असा नंबरच नाही’ म्हणतात. तेव्हा जुना आणि नवा क्रमांक शेजारी शेजारी दाखवणारा आकारणी उतारा मागा. नाव अजून आजोबांचं असेल आणि वडीलही वारले असतील, तर दोघांचे मृत्यू दाखले लागतात. मधली पिढी गाळली की अर्ज परत येतो.

आणि पाणीपट्टी! तिचा ग्राहक क्रमांक वेगळा, खातं वेगळं. मीटर नसलेल्या नळाला ठरावीक वार्षिक दर लागतो, त्यामुळे कुलूपबंद घराचंही बिल चढतच राहतं. तोटी बंद केल्याने जोडणी बंद होत नाही. लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी लागते. घरपट्टीच्या थकबाकीवर तर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे १०,००० रुपयांवर वर्षाला २,४०० रुपये. नावाचा वाद मिटेपर्यंत थांबू नका, जुन्या नावानेच भरा. पैसे घेतात, नाव विचारत नाहीत.