खुर्च्या ओढेपर्यंत निकाल लागलेला असतो

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. एचआरच्या रडगाण्याचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

दुपारी एका बॅकएंड डेव्हलपरच्या इंटरव्ह्यूंनंतरची डिब्रीफ होती. चार राउंड घेणारे चौघे, ज्याच्या टीममध्ये जागा आहे तो मॅनेजर आणि मीटिंग चालवायला मी. लोक अजून खुर्च्या ओढत होते, एवढ्यात आमचे आर्किटेक्ट साहेब लॅपटॉपही न उघडता म्हणाले, "नाही हं, मला नाही वाटत. कॉन्फिडन्सच नाहीये मुलीत. शार्प नाही."

झालं. पाच सेकंद शांतता. मग कोडिंग राउंड घेणारा मुलगा, पॅनेलमधला सगळ्यात ज्युनिअर, म्हणाला, "हो सर, म्हणजे... थोडी स्लो होती खरं."

आता गंमत बघा. या मुलाचा फॉर्म मी सकाळीच वाचला होता. त्यात त्याने लिहिलं होतं: ठाम हो. पेमेंटचा प्रश्न दिला होता. कुणी न सुचवता तिने स्वतःच विचारलं, की नेटवर्क अडकलं आणि तीच रिक्वेस्ट दोनदा आली तर पैसे दोनदा कापले जातील ना? मग प्रत्येक पेमेंटला स्वतःचा ओळख क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे पुन्हा कापायचे नाहीत, असं तिने ते सोडवलं, वेळेच्या आत. हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारलाय, दोनदा रिक्वेस्ट येण्याचा मुद्दा फार कमी जण स्वतःहून काढतात, असंही वर लिहिलं होतं. सकाळची 'ठाम हो' दुपारी 'थोडी स्लो' झाली, आणि मधल्या काळात मुलीने काहीही केलेलं नव्हतं. ती बिचारी घरी बसून फोनची वाट बघत होती.

मला राग आर्किटेक्टचा आला नाही एवढा त्या पाच सेकंदांचा आला. सगळ्यांनी माना खाली घालून मनातल्या मनात आपलं मत दुरुस्त करून घेतलं. असं घडतं ते कुणी भित्रा असतो म्हणून नाही. पहिलं वाक्य कानावर पडलं की पुढचा माणूस आपल्या आठवणीतून त्याला जुळणाऱ्याच गोष्टी शोधायला लागतो. ती मुलगी दोन वेळा थांबून विचार करत होती, हे त्या मुलालाही दिसलं होतंच. सकाळी तो त्याला 'विचारपूर्वक' म्हणत होता, दुपारी 'स्लो'.

म्हणून मी मीटिंग थांबवली. म्हटलं, "कुणीही काही बोलू नका. फॉर्म स्क्रीनवर लावते, सात मिनिटं सगळ्यांनी सगळे फॉर्म वाचा." आर्किटेक्ट म्हणाले, "अगं, वेळ वाया जाईल." म्हटलं, जाऊ दे. एकीच्या नोकरीचा प्रश्न आहे, सात मिनिटं जाऊ देत.

आमचा फॉर्म काही फार भारी नाही. इंटरव्ह्यू झाला त्याच दिवशी भरायचा, आणि स्वतःचा सबमिट केल्याशिवाय दुसऱ्याचा दिसत नाही. मत चारच प्रकारचं: ठाम हो, हो, नाही, ठाम नाही. मधलं 'बघू' मुद्दाम ठेवलेलं नाही, कारण 'बघू' लिहिणारा मीटिंगमध्ये जिकडे वारं तिकडे जातो. त्याखाली तीन रकाने: काय विचारलं, तिने काय सांगितलं किंवा केलं, त्यावरून मला काय वाटलं. तिसरा रकाना सगळे भरतात. दुसरा भरायचा मात्र सगळ्यांना कंटाळा, आणि खरा माल तिथेच असतो.

आर्किटेक्टच्या फॉर्ममध्ये दुसरा रकाना रिकामा होता. तिसऱ्यात दोनच शब्द: लो कॉन्फिडन्स.

वाचून झाल्यावर बोलायला सुरुवात ज्युनिअरपासून. हा माझा शोध नाही. माझे मामा फौजेत होते, त्यांच्याकडून ऐकलेलं. कोर्ट मार्शलमध्ये निकालाआधी सदस्यांची मतं विचारतात ती सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून, वर चढत चढत. का, तर कर्नलसाहेब आधी बोलले तर कॅप्टन दुसरं काय बोलणार? जिथे ऑर्डर म्हणजे ऑर्डर, त्या फौजेला हे कळलं. आम्ही मात्र एसी खोलीत बसून 'आमच्याकडे फ्लॅट कल्चर आहे' असं एकमेकांना सांगत राहतो. फ्लॅट म्हणे! पगारवाढीच्या फॉर्मवर सही कुणाची असते ते बघा.

तर आधी कोडिंगवाला, मग क्यूए लीड, मग टीम लीड, शेवटी आर्किटेक्ट. मॅनेजर त्याच्याही नंतर, कारण निर्णय त्याचा आहे; त्याचा चेहरा जरी आधी दिसला तरी लोक तो वाचतात. प्रत्येकाने आधी आपण लिहिलेलं मत जसंच्या तसं वाचायचं. मधे कुणी तोंड घालायचं नाही. मत बदललं असेल तर बदला, पण मग मोठ्याने सांगा: आधी हे होतं, आता हे आहे, आणि या कारणाने बदललं. 'सर म्हणाले' हे कारण चालत नाही.

त्या मुलाने फॉर्म वाचला. वाचताना आवाज जरा कापत होता, पण 'ठाम हो'वर थांबला आणि म्हणाला, "माझं मत तेच आहे." मला उठून टाळी वाजवावीशी वाटली. नाही वाजवली, मीटिंग चालवणाऱ्याने कुणाच्याच मताला मान डोलवायची नसते.

मग आर्किटेक्टची पाळी. मी एवढंच विचारलं, "कॉन्फिडन्स नाही म्हणजे तिने नेमकं काय केलं?" हा प्रश्न नाक वर करून विचारला तर भांडण होतं, रेसिपी विचारतो तसा विचारायचा. ते जरा चिडले, मग आठवून म्हणाले की डिझाइन राउंडमध्ये तिने सगळं एकाच डेटाबेसवर ठेवलं होतं. लोड दहापट झाला तर काय, असं विचारल्यावर ती गप्प झाली आणि म्हणाली, "एवढ्या लोडवर मी काम केलेलं नाही, अंदाजाने सांगू का?"

आता हे बोलण्यासारखं झालं. 'शार्प नाही' याच्याशी वाद घालता येत नाही, ते हवेत असतं. 'दहापट लोडचं उत्तर आलं नाही' याच्याशी घालता येतो. टीम लीड लगेच म्हणाली, "सर, या लेव्हलला आपल्याकडे हे कुणीच करत नाही. ती डिझाइनं तुमच्याकडून येतात." मॅनेजरने जागेचं वर्णन उघडलं. तीन ते पाच वर्षांचा अनुभव, पेमेंटचा चालू कोड सांभाळणं. दहापट लोडचा त्यात उल्लेख नव्हता.

हो, मान्य आहे, आर्किटेक्टचा मुद्दा खोटा नव्हता. डिझाइनमध्ये ती कमी पडली, आणि त्या विषयात त्यांच्या शब्दाला बाकीच्यांपेक्षा जास्त वजन द्यायलाच हवं. पण तेवढ्याच विषयात. कोडिंग राउंडच्या खोलीत ते नव्हते. मोठ्या आवाजाचा माणूस स्वतःच्या पाऊण तासावरून चारही राउंडचा निकाल सांगतो आणि बाकीचे सांगू देतात, दुखणं हे आहे. म्हणून मी 'हिला घ्यायचं का' हा प्रश्न सुरुवातीला टेबलावर येऊच देत नाही. आधी कोडिंग कसं, मग डिझाइन कसं, मग जुनं काम, मग टीमबरोबर वागणं. जिथे एकमत आहे तिथे पुढे चला, जिथे दोघांची मतं फाटतात तिथेच वेळ घालवा. आज फाटली ती फक्त डिझाइनवर.

मग कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, "अजून एक राउंड घेऊया?" हे मला अजिबात खपत नाही. जास्तीच्या राउंडमधून नेमकी कोणती माहिती मिळणार, जी आत्ता नाही, ते एका वाक्यात सांगता आलं तर घ्या. आज कुणालाच सांगता आलं नाही.

हात वर करून मतदानही घेत नाही आम्ही. मतदान घेतलं की मोठा आवाज मीटिंगच्या आधी कँटीनमध्ये प्रचार करतो. निर्णय मॅनेजरचा, हे पहिल्याच मिनिटाला सांगायचं, आणि त्याने कारण तिथेच लिहायचं. त्याने लिहिलं: घ्यायचं, डिझाइनमध्ये कच्ची आहे हे माहीत असताना घेतोय, पहिले काही महिने मोठ्या डिझाइनचं काम एकटीला द्यायचं नाही. आर्किटेक्टचा 'नाही'सुद्धा खाली तसाच राहिला, तो कुणी पुसला नाही.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, म्हणून हेही सांगते. माणूस वाईट नाही हो. मागे एकाला सगळ्यांनी 'हो हो' करत घेतलं होतं, आणि तो सोडून गेल्यावर त्याचा कोड निस्तरायला रात्री-रात्री हेच बसले होते. तेव्हापासून ते आधीच ओरडून घेतात. त्यांना गप्प बसवणं हा माझा उद्देश नाहीच. त्यांचा मुद्दा दुसऱ्या रकान्यात लिहून आला असता तर शेवटी बोलूनही तो तेवढाच पोचला असता. आणि मितभाषी माणसाचं मत आपोआप बरोबर असतं असंही नाही. आमच्याकडे एक जण मीटिंगमध्ये चकार शब्द बोलत नाही, पण फॉर्ममध्ये असा निबंध लिहितो की सगळे त्याच्याच मागे जातात.

तुमच्याकडे हे होतंय का, हे ओळखायचं असेल तर जुने फॉर्म काढा. सबमिट केलेलं मत आणि मीटिंगच्या शेवटचं मत शेजारी शेजारी ठेवा. मतं बदलणं चांगलंच आहे. पण बदललेली मतं दर वेळी एकाच माणसाच्या दिशेने सरकत असतील, तर तुमच्याकडे पॅनेल नाही, एक माणूस आणि त्याचे साक्षीदार आहेत.

आणि एवढं सगळं करूनही एक भोक उरतंच, ते म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. इंटरव्ह्यू संपवून माणूस जिन्यात येतो आणि ग्रुपवर उलटा अंगठा टाकतो. पुढच्या राउंडवाल्याने तो बघितला की फॉर्म काय चाटायचाय? पुढच्याला फक्त एवढंच कळवायचं की कोणते विषय विचारून झालेत, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा नको. कशी वाटली, हे एका अक्षरानेही नाही. संध्याकाळी ग्रुपवर तसा नियम टाकलाय. आधी दोघांनी विचारलं, "मग स्मायली चालेल का?"

नाही चालणार!

आणि 'आमच्याकडे इंटरव्ह्यू मालक एकटाच घेतो, आम्हाला काय उपयोग' असं कमेंटमध्ये लिहिणार असाल तर थांबा. मालकालाही तो दुसरा रकाना द्या, उमेदवार दाराबाहेर पडल्या पडल्या भरायला लावा, पुढच्याला आत बोलवायच्या आधी. चार जण भेटून झाल्यावर संध्याकाळी भरला तर त्यात सगळ्यात जास्त बोललेलाच आठवणार.